विस्मरणाचा वक्र नेमका काय सांगतो? काळ की नवा अभ्यास, विसरण्याचं कारण कोणतं?

प्रश्न: "एबिंगहाउसच्या वक्रानुसार वाचलेलं 24 तासांत दोन तृतीयांश विसरतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या सरांचं म्हणणं, न वापरलेली स्मृती काळानुसार झिजते. मैत्रीण म्हणते, नवं वाचतो म्हणून जुनं जातं. मी राज्यसेवेची तयारी करते आणि 1909, 1919, 1935 चे कायदे दर वेळी एकमेकांत मिसळतात. यातलं खरं काय?"

तुमच्या कायद्यांपुरतं उत्तर आधी देते: तिथे मैत्रीण बरोबर आहे. सरांचं म्हणणं अर्धशतकभर जवळजवळ बाद धरलं गेलं होतं. गेल्या काही वर्षांत ते वेगळ्या रूपात परत आलं आहे, त्यामुळे त्यांनाही चूक म्हणता येत नाही. मात्र "24 तासांत दोन तृतीयांश विसरतो" हे वाक्य ज्या अर्थाने फिरतं, त्या अर्थाने ते एबिंगहाउसने कधी दाखवलंच नव्हतं. मी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून स्मृतीची प्रात्यक्षिकं करून घेते. तिथेही पहिली गाठ सोडवावी लागते ती याच आकड्याची, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने 1879-80 मध्ये स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. व्यंजन-स्वर-व्यंजन अशी निरर्थक अक्षरं बनवायची, 13-13 च्या याद्या करायच्या आणि घड्याळाच्या ठोक्यावर ठरावीक वेगाने त्या म्हणायच्या. यादी न चुकता दोनदा म्हणता आली की ती पाठ झाली असं धरायचं. अशा आठ याद्यांना किती वेळ लागला ते तो लिहून ठेवी. मग ठरावीक काळ जाऊ देऊन त्याच याद्या पुन्हा पाठ करी आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजी. समजा पहिल्यांदा 1000 सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी 663, तर वाचले 337 सेकंद, म्हणजे 33.7 टक्के. वक्रावर 24 तासांपाशी हाच आकडा आहे. 20 मिनिटांनी बचत 58.2 टक्के होती, तासाभराने 44.2, सुमारे नऊ तासांनी 35.8, दोन दिवसांनी 27.8, सहा दिवसांनी 25.4 आणि 31 दिवसांनी 21.1.

म्हणजे तो किती अक्षरं आठवली ते मोजत नव्हता, पुन्हा शिकताना किती कष्ट वाचले ते मोजत होता. या दोन गोष्टींचा आकडा एक असेलच असं नाही. एखादी यादी मुळीच आठवत नसतानाही ती पुन्हा पाठ करायला कमी वेळ लागू शकतो, आणि आठवण्याच्या परीक्षेत शून्य मिळवणाऱ्या माणसाची बचत शून्याच्या वर राहू शकते. त्यामुळे 33.7 टक्के बचतीवरून "66 टक्के ज्ञान डोक्यातून गेलं" असं म्हणता येत नाही. शिवाय ही अक्षरं निरर्थक होती. अर्थ लागलेला, आधीच्या माहितीशी जोडला गेलेला मजकूर याहून खूप हळू विसरतो. वक्राचा आकार मात्र पक्का आहे. 2015 मध्ये मुरे आणि ड्रोस यांनी जवळपास त्याच पद्धतीने एका माणसावर तो पुन्हा तपासला, आणि आकार तसाच आला: सुरुवातीला उतार तीव्र, नंतर जवळजवळ सपाट.

आता आकडे पुन्हा बघा. नऊ तासांपासून 24 तासांपर्यंत, म्हणजे सुमारे 15 तासांत, बचत फक्त दोन टक्क्यांनी उतरली. पुढच्या 24 तासांत ती सहा टक्क्यांनी उतरली. वक्र हळूहळू सपाट होतो असं धरलं, तर मधेच असा थांबा का यावा? एबिंगहाउसच्याही हे लक्षात आलं होतं. मधे रात्र आणि झोप येते, म्हणून विसरणं मंदावत असेल का, हाही विचार त्याने केला. पण एवढा फरक झोपेनेही समजावता येत नाही असं ठरवून त्याने तो मोजमापातली चूक मानला. पुढच्या वादाची किल्ली त्याच्या हातात आली होती आणि त्याने ती खाली ठेवली, असं मला वाटतं.

ती उचलली 1924 मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी. दोन विद्यार्थ्यांनी दहा-दहा निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या, कधी सकाळी तर कधी रात्री झोपण्याआधी. एक, दोन, चार किंवा आठ तासांनी त्यांना विचारलं जाई. रात्रीच्या वेळी झोपेतून उठवून विचारलं जाई. आठ तास जागेपणी काढल्यावर दहातलं सरासरी एखादंच अक्षर उरे. तेवढेच आठ तास झोपेत गेले, तर पाच-सहा उरत. काळ दोन्हीकडे सारखाच. फक्त काळामुळे झीज होत असती, तर दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते. त्यांचा निष्कर्ष असा, की जुने ठसे झिजतात हे विसरण्याचं मुख्य कारण नाही, नव्याने जुन्याला अडवणं किंवा पुसणं हे आहे.

1932 मध्ये जॉन मॅक्गिओकने यावर तर्काचा घाव घातला. लोखंड काळ जाईल तसं गंजतं, पण गंज काळामुळे चढत नाही, हवेतल्या ऑक्सिजनमुळे चढतो. तसंच "काळानुसार विसरतो" म्हणजे कारण सांगणं नव्हे, त्या काळात काय घडलं ते सांगा. त्याच्या आणि मॅक्डोनल्डच्या 1931 च्या प्रयोगात लोकांनी विशेषणांची एक यादी पाठ केली आणि मधल्या वेळात वेगवेगळ्या गोष्टी केल्या. कुणी विनोद वाचत बसले, कुणी आकडे पाठ केले, कुणी दुसरी विशेषणं, तर कुणी पहिल्या यादीतल्या शब्दांचे समानार्थी शब्द. मधला मजकूर मूळ यादीशी जितका सारखा, तितकं विसरणं जास्त. विनोद वाचणाऱ्यांना सर्वांत जास्त आठवलं, समानार्थी शब्द शिकणाऱ्यांना सर्वांत कमी. तुमचे तीन कायदे इथे बसतात. रसायनशास्त्राचं प्रकरण 1919 च्या कायद्याला फारसं हलवणार नाही, 1935 चा कायदा हलवेल.

इथवरची गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकांत मिळते. पुढची मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिचा उल्लेख दोन ओळींत उरकला जातो.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या बेंटन अंडरवुडला एक प्रश्न छळत होता. प्रयोगशाळेत यादी पाठ केलेले विद्यार्थी 24 तासांनी साधारण तीन चतुर्थांश विसरत. नव्या मजकुराने जुना अडवला असेल, तर त्या एका दिवसात या मुलांनी निरर्थक अक्षरांसारखं असं काय शिकलं असेल? वर्गातली व्याख्यानं, जेवण, गप्पा. यातलं काहीच त्या अक्षरांसारखं नाही. मग एवढं विस्मरण येतं कुठून? 1957 मध्ये त्याने उत्तर दिलं: नंतर काय शिकले ते पाहू नका, आधी किती याद्या शिकले ते पाहा. त्या काळी एकाच विद्यार्थ्याला प्रयोगात अनेक याद्या शिकवायची रीत होती. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे त्याने एकत्र मांडले, आधी शिकलेल्या याद्यांची संख्या एका बाजूला आणि 24 तासांनी किती आठवलं ते दुसऱ्या बाजूला. आधी एकही यादी न शिकलेल्यांना दुसऱ्या दिवशी सुमारे तीन चतुर्थांश आठवत होतं. पुष्कळ याद्या शिकलेल्यांना जेमतेम चतुर्थांश. ज्याला तीन चतुर्थांश विस्मरण म्हणत होते, त्यातलं बहुतेक त्या विद्यार्थ्याच्या डोक्यात आधीपासून बसलेल्या याद्यांनी केलेलं होतं.

हे लक्षात घेऊन एबिंगहाउसकडे परत बघा. काळाच्या परिणामासाठी त्याने केलेल्या कसोट्या 163 होत्या, आणि प्रत्येकीत आठ याद्या. म्हणजे हजाराहून जास्त याद्या, सगळ्या एकाच धाटणीच्या, एकाच माणसाच्या डोक्यात. नवी यादी आठवताना त्याला या गर्दीतून वाट काढावी लागत होती. त्याच्या वक्राचा तीव्र उतार हा एका असाधारण माणसाच्या असाधारण गर्दीचा उतार आहे. पहिलीच यादी शिकणाऱ्या कुणाचा वक्र इतका खाली जाणार नाही.

असंच थोड्या सेकंदांच्या स्मृतीतही दिसलं. 1959 मध्ये पीटरसन दांपत्याने तीन व्यंजनं ऐकवून लगेच तीन-तीन वजा करत उलटे आकडे म्हणायला लावले. 18 सेकंदांत आठवण जवळजवळ दहा टक्क्यांवर आली. हे तर झिजण्याचंच उदाहरण असं अनेकांना वाटलं, कारण आकडे आणि अक्षरं एकमेकांसारखी नाहीत. पण 1962 मध्ये केपेल आणि अंडरवुड यांनी प्रत्येक माणसाची फक्त पहिली खेप वेगळी काढून पाहिली. पहिल्या खेपेत 18 सेकंदांनीही विस्मरण जवळजवळ नव्हतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून वाढत गेलं.

मग झीज नाहीच का? इथे घाई करू नका. झोपेच्या प्रयोगाला एक मोठं भोक आहे. झोप म्हणजे नुसतं "काही न शिकणं" नाही. झोपेत, विशेषतः गाढ झोपेत, मेंदू दिवसाच्या आठवणी पक्क्या करतो याचा भरपूर पुरावा आता आहे. त्यामुळे झोपेनंतर जास्त आठवलं, ते अडथळा नव्हता म्हणून की मेंदूने काम केलं म्हणून, हे त्या प्रयोगातून सांगता येत नाही. शिवाय झोपेआधीच्या याद्या रात्री शिकलेल्या होत्या आणि जागेपणाच्या सकाळी, तोही फरक मिसळलेला आहे.

याहून मूळ अडचण अशी, की रिकामा काळ तयारच करता येत नाही. माणसाला नुसतं बसवलं तर तो मनात उजळणी करतो, आणि उजळणी थांबवायला काम दिलं तर ते कामच अडथळा ठरू शकतं. ज्युडिथ राइटमनने यावर तोड काढली. मधले 15 सेकंद लोकांनी गोंगाटात लपलेला मंद सूर ऐकायचा. त्यात शब्द नाहीत, शिकण्यासारखं काही नाही, पण लक्ष गुंतून राहतं. 1971 मध्ये तिला विस्मरण दिसलं नाही, म्हणजे झीज नाही असा निकाल लागला. 1974 मध्ये तिने स्वतःच्याच प्रयोगाची कठोर फेरतपासणी केली. तेव्हा कळलं की पुष्कळ जण सूर ऐकता ऐकता गुपचूप उजळणी करत होते. ज्यांनी खरोखर केली नाही असे मोजकेच लोक उरले, आणि त्यांच्यात थोडं विस्मरण दिसलं. आपला गाजलेला निष्कर्ष आपणच तपासून दुरुस्त करणं, याबद्दल मला तिच्याविषयी फार आदर आहे. विद्यार्थ्यांना मी हे दोन्ही निबंध लागोपाठ वाचायला देते.

झिजण्याची बाजू आता जीवशास्त्रातून उभी राहिली आहे. मॅक्गिओकचाच तर्क पुढे नेला तर ते सरळच आहे: काळ हे कारण नसेल, तर काळात चालणारी प्रक्रिया दाखवा. 2013 मध्ये हार्ट, नेडर आणि नेडेल यांनी मांडलं की मेंदूतल्या पेशींच्या सांध्यांवरचे एएमपीए ग्राहक, ज्यांच्यामुळे त्या सांध्याची जोडणी मजबूत राहते, ते हळूहळू पद्धतशीर काढले जातात, आणि रोजच्या विस्मरणाचा एक भाग त्यातून येतो. 2016 मध्ये उंदरांवर ते तपासलं गेलं. वस्तू कुठे ठेवली होती हे उंदीर एरवी काही दिवसांत विसरतात. ते ग्राहक काढून घेण्याची क्रिया हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागात औषधाने रोखली, तर ती आठवण टिकली. म्हणजे इथे विस्मरण हे मेंदूने केलेलं काम आहे, नुसती हेळसांड नाही.

तरीही यावरून सरांना पूर्ण विजय देता येत नाही. पिंजऱ्यातला उंदीरही दिवसभर काही ना काही अनुभवत असतो, आणि तो अनुभवच ही साफसफाई सुरू करत असेल तर वाद पुन्हा अडथळ्याकडे वळतो. माझं मत विचाराल तर दोघांची हद्द वेगळी आहे. वस्तूची जागा, प्रसंगाचा तपशील अशा हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेल्या आठवणींत झीज बरीच असावी. शब्द, कलमं, सनावळ्या, सूत्रं अशा एकमेकांशी मिळत्याजुळत्या मजकुरात अडथळा हेच मुख्य कारण. परीक्षेचा अभ्यास जवळजवळ सगळा दुसऱ्या प्रकारचा आहे.

हे तुमच्याच वहीत तपासता येतं. झिजलेल्या आठवणीच्या जागी रिकामी जागा असते. अडवलेल्या आठवणीच्या जागी दुसरंच, पण खरं असलेलं उत्तर येऊन बसतं. समजा प्रश्न आहे, "1919 च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती कुठे आणली?" तुम्ही लिहिलंत "केंद्रात". हे चूक आहे, पण हवेतून आलेलं नाही. 1919 च्या कायद्याने द्विदल पद्धती प्रांतांत आणली, 1935 च्या कायद्याने ती प्रांतांतून काढली आणि केंद्रासाठी सुचवली. तुमचं उत्तर 1935 चं आहे, ते 1919 च्या जागी आलं. मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ 1909 ऐवजी 1919 च्या खाली लिहिले जातात तेही असंच, कारण 1919 ने ते शिखांसारख्या इतर गटांनाही दिले आणि दोन्ही कायद्यांच्या टिपणांत "स्वतंत्र मतदारसंघ" हे शब्द आले. झाल्या सराव चाचण्यांतली चुकीची उत्तरं काढा आणि प्रत्येकासमोर लिहा: कोरं, की दुसऱ्या कुठल्या प्रकरणातलं खरं उत्तर. कायद्यांच्या बाबतीत दुसरा रकाना भरभरून वाहील अशी माझी अपेक्षा आहे.

दुसरी कसोटी इशाऱ्याची. 1971 मध्ये टल्विंग आणि सोट्का यांनी लोकांना शब्दांच्या याद्या एकामागून एक शिकवल्या. प्रत्येक यादीत सहा वर्गांतले चार-चार शब्द होते. मागून जितक्या जास्त याद्या आल्या, तितकी आधीची यादी कमी आठवे. पण वर्गांची नावं इशारा म्हणून दिली, की आठवण जवळजवळ मूळ पातळीवर परत येई. शब्द गेलेच नव्हते, त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता अडला होता. तुम्हीही आठवत नसलेल्या मुद्द्यासाठी आधी एक बारीक इशारा घेऊन बघा. "प्रांतांतली राखीव आणि सोपीव खाती" एवढं ऐकून 1919 ची बाकीची रचना भराभर आठवली, तर ते झिजलेलं नव्हतं. इशाऱ्यानेही काहीच येत नसेल आणि पुन्हा वाचताना पहिल्याइतकाच वेळ लागत असेल, तर ते मुळात नीट शिकलंच गेलं नव्हतं किंवा खरोखर गेलं. एबिंगहाउसची बचतीची मोजणी इथे उपयोगाची आहे. घड्याळ लावून पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाचा वेळ लिहा.

कारण अडथळा असेल तर उपायही बदलतो. नुसती वारंवार उजळणी करून तिन्ही कायदे सारखेच घट्ट होतात आणि भांडण तसंच राहतं. 1909, 1919, 1935 हे एकाच बैठकीत एकामागून एक नुसते पाठ करू नका. एका पानावर शेजारी शेजारी रकाने करून फक्त फरक लिहा: प्रांतात काय, केंद्रात काय, मतदारसंघ कुणाला. मग पान झाकून मिसळलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या, म्हणजे "हे कोणत्या कायद्याचं?" हाच सराव होईल, कारण अडतं तिथेच. प्रत्येक कायद्याला एक असा इशारा बांधा जो दुसऱ्या कुणाचाही नाही. "प्रांतांतली राखीव-सोपीव खाती" हा फक्त 1919 चा. "स्वतंत्र मतदारसंघ" हा इशारा म्हणून निरुपयोगी, तो तिघांकडेही बोट दाखवतो.

रात्री वाचून लगेच झोपण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारालच. त्याचा फायदा होतो, कारण अडथळा असो की पक्केपणा, दोन्ही स्पष्टीकरणं तेच सांगतात. मात्र झोपण्याआधी शेवटी वाचलेलं प्रकरण आणि सकाळी उठून पहिलं वाचलेलं प्रकरण एकाच जातीची ठेवू नका. रात्री 1919 चा कायदा वाचला असेल, तर सकाळची सुरुवात भूगोलाने किंवा गणिताने करा, आणि 1935 दुपारनंतर, 1919 वर स्वतःला एकदा प्रश्न विचारून झाल्यावरच उघडा.